६४ जीबी रॅम: ३२च्या दोन की १६च्या चार?

प्रश्न: "रायझन ७ ७७०० आणि बी६५० बोर्डवर नवीन पीसी जुळवतोय. व्हिडिओ एडिटिंगसाठी ६४ जीबी रॅम हवी. दुकानदार म्हणतो, १६च्या चार स्टिक टाका, चारही चॅनल भरतात, स्पीड वाढतो. खरंय का? की ३२च्या दोन घेऊ? पुढे वाढवायची झाली तर?"

३२च्या दोनच घ्या. ६००० वेगाच्या, सीएल३० किंवा सीएल३६, आणि एकाच डब्यात आलेल्या.

दुकानदार तुम्हाला फसवत असेलच असं नाही, पण त्याचं गणित चुकतंय. तुमच्या बोर्डवर स्लॉट चार असले तरी चॅनल दोनच आहेत, आणि एकेका चॅनलवर दोन स्लॉट टांगलेले आहेत. दोन स्टिक योग्य जागी लावल्या की दोन्ही चॅनल भरले. उरलेल्या दोन लावल्याने नवा रस्ता उघडत नाही, आहे त्याच रस्त्यावर गाड्या वाढतात. सीपीयू-झेडमध्ये कधी `4 x 32-bit` असं दिसतं, त्यावरूनही हा गैरसमज पसरतो. डीडीआर५ची प्रत्येक स्टिक आतून ३२ बिटांच्या दोन भागांत विभागलेली असते, त्यामुळे तो आकडा दोन स्टिकवरही दिसतो.

"चार लावल्या की वेग वाढतो" हे अगदीच हवेतून आलेलं नाही. डीडीआर४च्या काळात ते बऱ्यापैकी खरं होतं. रँक म्हणजे स्टिकवरचा एकत्र काम करणारा चिपांचा गट, आणि ८ जीबीची स्टिक बहुधा सिंगल रँक असायची. अशा चार लावल्या की प्रत्येक चॅनलवर दोन रँक व्हायच्या. एक रँक पुढच्या कामाची तयारी करत असताना प्रोसेसर दुसरीशी बोलायचा, आणि त्यामुळे थोडा वेग खरंच मिळायचा. पण आजची ३२ जीबीची साधी डीडीआर५ स्टिक स्वतःच ड्युअल रँक असते. म्हणजे ज्या फायद्यासाठी चार लावायच्या, तो दोनमध्येच आलेला असतो.

तोट्याचं बघायचं तर एएमडीने तुमच्या प्रोसेसरसाठी दिलेलेच आकडे बघा. दोन स्टिक असतील तर ५२००, मग त्या सिंगल रँक असोत वा ड्युअल. चार असतील तर ३६००. एकदम एवढा उतार का? बहुतेक बोर्डांवर चॅनलची तार आधी जवळच्या स्लॉटला आणि तिथून पुढच्याला जाते. दोन्हीकडे स्टिक असल्या की प्रत्येक सिग्नलला दोन कनेक्टर आणि दोन स्टिकचा भार लागतो, वाटेत तो परावर्तित होतो आणि शून्य-एकच्या कडा धूसर होतात. ३६००ला त्या कडा नीट वाचता येतात, ६०००ला वाचता येतीलच असं नाही. दोन ड्युअल रँक स्टिकमध्ये चिपा तेवढ्याच असतात, पण वाट सरळ असते.

६०००वरून ३६००वर आल्यावर कागदावर बँडविड्थ ९६वरून ५७.६ जीबी प्रति सेकंद होते. ७७००मध्ये प्रोसेसरच्या आतली वाट रॅमकडून वाचताना साधारण ६४ जीबीच ओढू शकते, त्यामुळे प्रत्यक्षातली घट कागदाइतकी भीषण नसते. जास्त जाणवतो तो उशीर. ६०००ला मेमरी कंट्रोलर ३००० मेगाहर्ट्झवर चालतो, ३६००ला १८००वर. एक्सपोर्टला हे फारसं कळत नाही, गेममध्ये अधूनमधून बसणाऱ्या झटक्यांत कळतं.

हे सगळं मी स्वतः भोगून शिकलोय. माझ्याकडे १६च्या दोन होत्या, `EXPO` म्हणजे रॅमला तिच्या डब्यावरच्या वेगावर नेणारी बायोसमधली तयार सेटिंग लावून ६०००वर सुरळीत. वर्षभराने त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेल नंबरच्या आणखी दोन आणल्या. डबा तोच, लेबल तेच, आतल्या चिपा मात्र दुसऱ्याच निघाल्या. (कंपन्या असं करतात. त्यांची चाचणी एका डब्यातल्या जोडीपुरतीच असते.) `EXPO` लावलं की पीसी चालूच होईना. बायोसने आपणहून धरलेल्या ३६००वर चालला. मला ते पटेना, म्हणून हाताने ५२०० केलं. विंडोज उघडलं, प्रीमिअर चाललं, आठवडाभर मी खूश.

मग एका लग्नाच्या शूटची झिप उघडताना सीआरसी एरर आली. तीच झिप लॅपटॉपवर कॉपी केली, तिथेही एरर. फाइल तयार होतानाच बिघडली होती. रात्रभर मेमटेस्ट८६ लावून ठेवलं. पहिल्या फेरीत सगळं हिरवं, तिसऱ्या फेरीत चार चुका. चार स्टिक लावल्यावर चुका अशाच येतात, पीसी बंद पडत नाही, नुसता एखादा बिट कुठेतरी उलटतो. "डीडीआर५मध्ये ईसीसी असतंच की" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ते चिपच्या आतली चूक सुधारतं, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली नाही, आणि आपली अडचण नेमकी त्या वाटेवरचीच असते. शेवटी चारही विकून ३२च्या दोन आणल्या.

आता पुढे वाढवण्याचं. दोन स्लॉट रिकामे ठेवले म्हणजे पुढची सोय झाली, असं वाटतं. डीडीआर५वर ती सोय अर्धीच आहे, कारण ते स्लॉट भरलेत त्या दिवशी बहुधा ६००० सोडावं लागेल. म्हणून "पुढे भर घालू" असा हिशेब न करता "पुढे बदलू" असा करा, आणि ६४ कमी पडेल अशी शंका आत्ताच असेल तर ४८ जीबीच्या दोन घ्या, ९६ होतात. त्याआधी बोर्डाचं बायोस नवं करून घ्या, सुरुवातीच्या बायोसना ४८च्या स्टिक कळत नव्हत्या. चार स्लॉट भरण्यात शहाणपण कधी, तर वेग गेला तरी चालेल पण आकारच हवा असेल तेव्हा. डझनभर व्हर्च्युअल मशीन चालवणारा माझा एक मित्र ३२च्या चार ३६००वर ठेवून मजेत आहे.

लावताना प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा, बोर्डवर बहुधा `A2` आणि `B2` लिहिलेलं असतं. पहिल्या-तिसऱ्यात लावल्या तर पुढची रिकामी तार लोंबकळत राहते आणि सिग्नल तिथूनही परावर्तित होतो. मग बायोसमध्ये `EXPO` चालू करा. ते विसरलात तर ६०००चे पैसे मोजून ४८०० किंवा ५२००वर चालवत बसाल. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून हे टाका:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
  Select-Object DeviceLocator, ConfiguredClockSpeed, PartNumber
```

`ConfiguredClockSpeed`पुढे ६००० दिसलं पाहिजे आणि दोन्ही ओळींत `PartNumber` एकच. त्यानंतर मेमटेस्ट८६च्या चारही फेऱ्या होऊ द्या. एक जरी चूक आली तर ५६००वर उतरवून पुन्हा चाचणी करा, आणि तिथेही आली तर जोडी बदलून मागा.

आणि हो, पहिल्यांदा चालू कराल तेव्हा पडदा काही मिनिटं काळाच राहील, पंखे फिरत राहतील. बोर्ड त्या वेळी रॅमशी वेळ जुळवत असतो. मी घाबरून तीनदा रिसेट दाबलं होतं, आणि दर वेळी ते सगळं पहिल्यापासून सुरू होत होतं. चहा टाका आणि हात लावू नका.