चेंडू आला की डोळे मिटतात

"मॅडम, मुलगा साडेचार वर्षांचा झाला तरी त्याला साधा चेंडू झेलता येत नाही. चेंडू आला की डोळे मिटून तोंड फिरवतो. त्याच्या बरोबरीची मुलं पटापट झेलतात. ह्याचं काही मागे तर राहिलं नाही ना?"

"आधी मला खेळून दाखवा," मी म्हटलं. ही चिंता घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना मी हेच सांगते, कारण निम्मं उत्तर तिथेच दिसतं.

वडील तीनेक मीटर लांब जाऊन उभे राहिले. हातात घरून आणलेला कडक रबरी चेंडू होता. आई मुलाच्या मागे उभी राहून सूचना देत होती, "हात पुढे कर. चेंडूकडे बघ. बघ, आला!" मुलाने दोन्ही हात ताठ पुढे धरले, तळवे वर. चेंडू वरून खाली येऊ लागला तशी त्याची मान एका बाजूला वळली आणि डोळे घट्ट मिटले. चेंडू हातांवर आपटून छातीला लागला आणि खाली पडला. त्यानंतर हात मिटले. हे सगळं होईपर्यंत त्याचे पाय एकमेकांना चिकटून जागच्या जागी होते. आईवडिलांचं लक्ष हातांकडे होतं. मी पायांकडे बघत होते.

झेलण्याचा एक ठरावीक प्रवास असतो. तीन वर्षांच्या आसपास मूल हात ताठ धरतं आणि चेंडूने येऊन त्यांत बसावं अशी वाट बघतं. पुढे ते चेंडू दोन्ही हातांनी छातीशी कवटाळतं. फक्त तळव्यांत झेलणं बहुतेकांना पाच-सहाच्या पुढे जमू लागतं. मधल्या काळात, विशेषतः तीन ते चार वर्षांच्या दरम्यान, तोंड फिरवणं अगदी सर्रास दिसतं, कारण वस्तू चेहऱ्याकडे येते आहे हे मुलाला कळू लागलेलं असतं, पण ती नेमकी कधी पोहोचेल याचा अंदाज अजून आलेला नसतो. एक-दोनदा चेंडू नाकावर बसला असेल तर हे जास्त दिवस टिकतं. हा मुलगा छातीशी कवटाळण्याच्या उंबरठ्यावर होता. त्याच्यासमोर खेळ मात्र मोठ्या मुलांचा मांडला होता.

"पण डोळे मिटल्यावर झेलणार कसं? ती भीती आधी घालवायला हवी ना?" वडिलांनी विचारलं.

"त्याची भीती रास्त आहे. कडक चेंडू वेगात तोंडावर येतोय. आपण त्याला समजावत बसण्यापेक्षा चेंडू बदलू."

माझा सगळा भर यावरच असतो. हालचालींचे अभ्यासक कार्ल न्यूवेल यांनी १९८६ मध्ये मांडलं की कुठलीही हालचाल मूल, त्याच्यापुढचं काम आणि भोवतालची परिस्थिती या तिघांमधून घडते. मूल वाढायचं तेव्हाच वाढतं, पण काम आज या क्षणी बदलता येतं. "असा हात धर, तसा धर" असं शिकवण्याकडे माझा कल कधीच नव्हता. काम नेमकं बदललं की हात आपोआप योग्य जागी येतात, हे मी मुलामागून मुलात पाहत आले आहे.

मी फुगा काढला. दोन मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदाहून थोड्याच जास्त वेळात जमिनीवर येतो. साधा तोंडाने फुगवलेला फुगा तेवढंच अंतर यायला साधारण दीड ते दोन सेकंद घेतो. त्याचं वजन नगण्य आणि हवेचा अडथळा मोठा. मुलाला मिळणारा वेळ तिपटीच्या घरात जातो, आणि फुगा नाकावर बसला तरी दुखत नाही.

फुग्यावर मी मार्करने एक निळा आणि एक लाल ठिपका काढला आणि मुलाला म्हटलं, "झेलायचं नाही हं. फक्त खाली पडू द्यायचा नाही. आणि मला सांगायचं, तुझ्या हाताला कुठला ठिपका लागला?"

सुरुवातीला त्याने फुगा जोरात हाणला आणि तो भिंतीकडे गेला. मुलगा मागे धावला. पुन्हा हाणला, पुन्हा धावला. मग त्याच्या लक्षात आलं की हळू टोलवला तर धावावं लागत नाही. "निळा!" तो ओरडला. "आता लाल!" मान वर, डोळे उघडे, नजर फुग्यावर खिळलेली. फुगा डावीकडे कलला तसा तो दोन पावलं डावीकडे सरकला आणि त्याखाली जाऊन उभा राहिला.

आईने माझा हात धरला. "मॅडम, डोळे उघडे आहेत त्याचे!"

"हो. आणि पाय बघा."

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट ती होती. झेल हातांत पूर्ण होतो, पण सुरू होतो पायांत. वस्तू कुठे येणार ते डोळ्यांनी ओळखायचं आणि शरीर तिथे न्यायचं. चेंडूसमोर त्याचे पाय खिळले होते, कारण बघायला वेळच मिळत नव्हता. वेळ मिळताच कुणी न सांगता पाय हलले. "चेंडूकडे बघ" हे वाक्य आईने शंभरदा म्हटलं असेल, पण या वयाच्या मुलाला नुसतं बघायला सांगून बघता येत नाही. बघण्यासाठी काही कारण द्यावं लागतं. ठिपक्याने ते दिलं.

घरी सुरुवातीला एवढंच करायला मी सांगितलं. दिवसातून पाच-सात मिनिटं, मूल हसत असतानाच थांबायचं. फुगा टोलवणं हाताला बसलं की "आता मिठी मार" असं सांगायचं, म्हणजे छातीशी कवटाळणं येतं. मग फुगा फक्त पायाने उडवायचा. एक पाय उचलला की दुसऱ्यावर क्षणभर तोल सांभाळावाच लागतो, आणि "एका पायावर उभा राहा" असं सांगून जे कंटाळवाणं होतं ते खेळात सहज होतं. तीन वर्षांचं मूल एका पायावर दोन-तीन सेकंद टिकतं, चार-साडेचारचं चार-पाच. याला पहिल्या दिवशी जेमतेम दोन सेकंद जमत होते.

फुग्याबाबत एक गोष्ट मी ठासून सांगते. न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा मुलाच्या हाती कधीच राहू द्यायचा नाही. त्याचा तुकडा घशात अडकला तर श्वासनलिका पूर्ण बंद होऊ शकते. फुगवायचा मोठ्यांनी, फुटला तर तुकडे लगेच मोठ्यांनीच उचलायचे, आणि खेळ संपला की फुगा उचलून ठेवायचा. घरात याहून लहान, सगळं तोंडात घालणारं मूल असेल किंवा कुणाला लॅटेक्सची ॲलर्जी असेल, तर पातळ ओढणी किंवा रुमाल वर उडवून खेळा. तोही सावकाश खाली येतो.

पुढच्या भेटीत आई थोडी हिरमुसली होती. "फुगा मस्त पकडतो, पण चेंडू घेतला की पुन्हा डोळे बंद."

हे होतंच. फुगा वाट बघतो, चेंडू बघत नाही. फुग्याखाली हात उशिरा पोहोचले तरी चालतात, त्यामुळे फुग्यावरून थेट कडक चेंडूवर गेलं की मुलाचा हिशोब चुकतो. मध्ये पायऱ्या लागतात, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची: वजन, आकार, अंतर किंवा वेग. वजन आणि अंतर एकदम वाढवलं आणि झेल सुटला, तर कशामुळे सुटला ते आपल्यालाही कळत नाही.

याच्यासाठी पुढची पायरी होती हवेचा मोठा प्लास्टिक चेंडू, हवा थोडी कमी भरलेला. कमी हवेमुळे तो मऊ पडतो आणि बोटांना धरायला सापडतो. आधी दोघांनी पाय पसरून समोरासमोर बसायचं आणि तो जमिनीवरून घरंगळत पाठवायचा. इथे चेहऱ्याकडे काहीच येत नाही, फक्त वेळ साधायचा सराव होतो. मग उभं राहून एक टप्पा पाडून पाठवायचा. टप्पा पडलेला चेंडू खालून वर येतो, वेग थोडा कमी झालेला असतो, आणि टप्प्याचा आवाज "आता" अशी सूचना देतो. तेही जमल्यावर हवेतून, खालून हात झुलवत, जेमतेम एका मीटरवरून, पोटाच्या उंचीवर. वडिलांना मी गुडघ्यांवर बसायला लावलं. उभ्या माणसाचा चेंडू मुलाच्या डोक्यावरून खाली उतरतो. बसलेल्याचा समोरून येतो.

पायरी चढायची कधी? दहातले सात-आठ झेल डोळे उघडे ठेवून जमले की. मान पुन्हा वळू लागली, हात ताठ झाले किंवा मुलगा उगाच खिदळत खाली लोळायला लागला, तर पायरी जड झाली आहे. मागे यायचं. लोळणं हा खोडकरपणा समजून आईवडील रागावतात. पुष्कळदा "मला जमत नाहीये" हे सांगायची ती मुलाची रीत असते.

फेकण्याविषयी या आईवडिलांनी विचारलं नव्हतं, पण मी बोलले, कारण तिथे उलट चूक होत होती. झेलायला मोठा चेंडू हवा, फेकायला मात्र एका हातात मावेल असा लहान. मोज्यांचा गोळा उत्तम. वडील "नीट माझ्या हातात दे" म्हणत, आणि मुलगा छाती समोर ठेवून नुसत्या कोपरापासून गोळा ढकलत असे. नेम मागितला की लहान मूल आखडतं. "भिंतीवर धाडकन मार!" म्हटल्याबरोबर त्याचा हात मागे गेला, कंबर वळली, एक पाऊल पुढे पडलं. पाऊल फेकणाऱ्या हाताच्याच बाजूचं पडलं, आणि साडेचारला ते ठीकच आहे. विरुद्ध पाय पुढे टाकणं बहुधा नंतर येतं. आधी जोर, मग नेम, असा माझा क्रम आहे.

काही आठवड्यांनी तिघं आले तेव्हा मुलगा मोठा चेंडू दीड मीटरवरून छातीशी झेलत होता आणि सुटला तर त्याच्या मागे धावत होता. आईने विचारलं, "मॅडम, तो रबरी चेंडू कधी द्यायचा?"

"त्याने मऊ चेंडू छातीला न लावता नुसत्या तळव्यांत झेलला की. तोही आधी टप्प्याचा."

काही गोष्टी मात्र घरच्या खेळावर सोडू नयेत. मूल एकच हात वापरत असेल आणि दुसरा लटकता ठेवत असेल, आधी जमणारी हालचाल आता जमेनाशी झाली असेल, सपाट जमिनीवरही वारंवार पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. फुग्यासारखी संथ वस्तूसुद्धा नजरेतून निसटत असेल, बघताना मान कायम एकीकडे कलत असेल किंवा डोळा तिरळा वाटत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. आणि कुणी चार वर्षांच्या मुलाला एवढ्यावरून समन्वयाच्या विकाराचं नाव देऊ लागलं तर थोडं थांबा. पाच वर्षांच्या आधी तसं निदान सहसा केलं जात नाही.