भुकेलं बाळ घेऊन या

अनेक आशीर्वाद.

शनिवारी फोनवर तुझा आवाज अगदी पडला होता. दोन महिन्यांचं बाळ, झोपेचं औषध न देता दूध पाजून, गुंडाळून एमआरआय करायचं ठरलेलं, आणि टेबलावर ठेवल्यावर ते टक्क जागं. आपलं गुंडाळणं चुकलं असं तू म्हणालीस. मला वाटतं चूक सकाळीच झाली, बाळाच्या घरच्या मोरीत.

वेळ अकराची होती. आजीने साडेआठला तेल लावून न्हाऊ घातलं, आईने पाजलं, मग बाळ घरी झोपलं आणि रिक्षातही झोपलं. तुमच्या दारात आलं तेव्हा त्याचं पोटही भरलेलं आणि झोपही पुरी झालेली. तिथून पुढे तू काय करणार?

म्हणून आदल्या दिवशी आईला फोन कर आणि आजीशीही बोल, कारण अंघोळीची वेळ घरात तीच ठरवते. अकराच्या वेळेसाठी शेवटचं दूध सातच्या सुमाराला. तेल-अंघोळ त्या दिवशी घरी परतल्यावर. वाटेत झोपू द्यायचं नाही, तळपाय चोळत, बोलत आणायचं. साखर कमी होण्याचा त्रास असलेल्या किंवा खूप अशक्त बाळाला मात्र एवढं उपाशी ठेवायचं की नाही, हे त्याच्या डॉक्टरांनाच विचार. ही पद्धत साधारण तीन महिन्यांपर्यंत छान जमते. त्यानंतर बाळाच्या मर्जीवर.

दहाला आले की लगेच पाजायला बसवू नकोस. आधी कपडे उतरव. टिचबटणांचं झबलं नको, साधं नाड्यांचं चालेल. वाळे, मनगट्या, करदोटा, ताईत, लंगोटाची पिन, सगळं काढून घे. चांदी चुंबकाला चिकटत नाही म्हणून घरचे हट्ट धरतात, पण मशीनमध्ये धातू तापून कातडी भाजू शकते. काजळही पुसून टाक. काही काजळांमुळे डोळ्यांजवळचं चित्र बिघडतं. आई आत येणार असेल तर तिचं मंगळसूत्र, केसातल्या पिना, साडीची सेफ्टी पिन विसरू नकोस.

आता क्रम. कोरडा लंगोट, कानात बोळे आणि वर मऊ झाकण, पायाला एमआरआयसाठीच बनवलेला ऑक्सिजनचा सेन्सर (वॉर्डातला नेहमीचा नाही, त्याची वायर तापते), मग दुपटं, आणि मग दूध. तुम्ही उलटं केलंत: बाळ पेंगल्यावर कान झाकायला गेलात. दुपट्यात हात आवळून धर, पण छातीवर दोन बोटं जातील इतकी जागा ठेव आणि मांड्या मोकळ्या दुमडू देत. खोलीत मंद दिवा. ढेकर काढून दहा मिनिटं उभं धर. पापणी मिटली तरी घाई नको. दुपट्यासकट थोडं हलवलं तरी अंग लुळंच राहिलं की झोप खोल आहे. तेव्हा टेबलावर.

सगळ्यात महत्त्वाचं चित्र आधी कोणतं हवं, हे रेडिओलॉजिस्टना सकाळीच विचारून ठेव. त्यांना चालत असेल तर मोठ्या खडखडाटाचं शेवटी घे. बाळ चुळबुळलं तर लगेच बाहेर काढू नकोस. मशीन थांबव, छातीवर हात ठेव, पाच मिनिटं बघ.

तरी जमलं नाही, आणि कुणी म्हणालं, "द्या ना झोपेचं औषध," तर तिथे ठाम राहा. पोट आत्ताच भरलंय. गुंगीत उलटी झाली तर दूध श्वासनलिकेत जाईल. आईच्या दुधानंतर चार तास, वरच्या दुधानंतर सहा तास थांबावं लागतं. म्हणून दोन्ही पद्धती एकाच सकाळी होत नाहीत. कोणती ते आदल्या दिवशीच ठरवायचं.

औषध देऊनच करायचं ठरलं तर सकाळची पहिली वेळ माग. आठला असेल तर आईने पहाटे साडेतीनचा गजर लावून बाळाला उठवून पाजायचं, चारनंतर काही नाही. सर्दी, ताप किंवा घरघर असेल तर निघण्याआधीच कळवू दे. आणि एक गोष्ट दोनदा सांग: झोपेचं सिरप घरी किंवा रिक्षात पाजायचं नाही. मान छातीवर पडली की एवढ्याशा बाळाचा श्वास कोंडतो आणि कडेवर ते नुसतं झोपल्यासारखं दिसतं. औषध आपल्याकडेच, भूलतज्ज्ञ आणि ऑक्सिजन हाताशी असताना. नंतरही बाळ नीट जागं होऊन, दूध ओढून पिईपर्यंत घरी सोडू नका. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या लहान बाळांना तर बरेचदा रात्रभर ठेवतात, कारण औषधानंतर काही तासांनीही त्यांचा श्वास थांबू शकतो.

शनिवारच्या त्या बाळाला पुन्हा कधी बोलावलंय? त्याच्या आजीला फोन करताना, "तुमचं न्हाऊ घालणं चुकलं," असं म्हणू नकोस. "तुमच्या हातची अंघोळ झाली की बाळ झोपतं, म्हणून ती संध्याकाळी ठेवा," असं म्हण.

तुझी,
ताई