प्रॉम्प्टरसाठी ओळ कुठे तोडायची

ओळ अर्थावर तोड. तीन-चार शब्द पुरेत. लांब ओळ वाचताना डोळे डावी-उजवीकडे फिरतात आणि कॅमेरा ते पकडतो. माझ्या एका बातमीत ‘उद्या पाणी येणार’ एका ओळीत बसलं, ‘नाही’ खाली गेलं. निवेदिकेने ‘येणार’वरच आवाज सोडला! आता मी असं लिहितो:

शहरात उद्या /
पाणी येणार नाही //
टाक्या आजच
भरून ठेवा

एक रेघ म्हणजे किंचित थांबा, दोन म्हणजे श्वास घे. ‘थांबा’ हा शब्द मात्र मजकुरात लिहू नकोस, घाईत तोही वाचला जातो. अक्षराचा आकार निवेदकाच्या जागेवरूनच ठरव: अनुस्वार डोळे न ताणता दिसला पाहिजे. ओळींत अंतर सैल ठेव, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेला भिडतो.