त्यांची सकाळ, आपली संध्याकाळ : उत्तर काय द्यायचं?

कॅलिफोर्नियाहून एका सुनेने लिहिलं आहे : ‘‘सासरे भारतात एकटेच असतात. रोज सकाळी साडेसहाला उठले की मला आणि यांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शुभ सकाळ’ पाठवतात. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. मी ‘शुभ संध्याकाळ बाबा’ लिहिलं, तर ते म्हणाले, ‘अगं, इथे आत्ता उजाडतंय.’ ‘शुभ सकाळ’ लिहिलं की मलाच खोटं वाटतं. दुसऱ्या दिवशी आमच्या सकाळी उत्तर दिलं, तर त्यांची जेवायची वेळ झालेली असते. हे नुसता अंगठा पाठवतात. त्यात नोव्हेंबरपासून बाबा म्हणायला लागलेत की, सूनबाई हल्ली उत्तर उशिरा देते. माझं काहीच बदललेलं नाही. मी नक्की काय लिहू आणि कधी?’’

तुमच्या शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करते, कारण त्यात तुमची चूक नाही आणि बाबांचीही नाही.

भारतातलं घड्याळ वर्षभर हलत नाही. अमेरिकेतलं बहुतेक राज्यांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे येतं. त्यामुळे कॅलिफोर्निया उन्हाळ्यात भारताच्या साडेबारा तास मागे असतो आणि हिवाळ्यात साडेतेरा तास. बाबांचा साडेसहाचा निरोप उन्हाळ्यात तुमच्याकडे संध्याकाळी सहाला पोचतो, हिवाळ्यात पाचला. तुम्ही लिहिलंय की साडेपाचला ऑफिसातून निघता, मुलाला घेता आणि सव्वासहाला घरी पोचल्यावर फोन हातात घेता. उन्हाळ्यात तुमचं सव्वासहा म्हणजे बाबांचं पावणेसात, म्हणजे निरोप पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत उत्तर. हिवाळ्यात तेच सव्वासहा म्हणजे त्यांचं पावणेआठ. तुम्ही त्याच मिनिटाला लिहिता, पण त्यांच्या खुर्चीतून पाहिलं तर सव्वा तास गेलेला असतो. एकट्या माणसाला सकाळचा सव्वा तास फार मोठा असतो, म्हणून ते बोलून गेले.

यावर उपाय एवढाच, की घड्याळ बदलायच्या आधीच्या आठवड्यात त्यांना सांगून ठेवायचं. ‘बाबा, या रविवारपासून इथली घड्याळं तासभर मागे जातात. तुमचा निरोप येईल तेव्हा मी ऑफिसात असेन. घरी पोचले की लिहीन, तुमच्या पावणेआठच्या सुमारास.’ मार्चमध्ये पुन्हा उलट सांगायचं. ‘पावणेआठ’ हा आकडा सांगणं महत्त्वाचं आहे. ‘थोडा उशीर होईल’ असं म्हटलं, तर ते साडेसहापासूनच वाट पाहत बसतात.

आता मूळ प्रश्न. अभिवादन वाचणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे करायचं, लिहिणाऱ्याच्या नाही. तुम्ही सव्वासहाला ‘शुभ सकाळ बाबा’ लिहिता तेव्हा त्यांची सकाळ चांगली जावो एवढंच म्हणता आहात, आणि ती सकाळ खरीच आहे. त्यात खोटं काही नाही. तुमची वेळ पुढच्या वाक्यात आपोआप येऊ द्या : ‘शुभ सकाळ बाबा. आत्ताच घरी पोचलो, इथे अंधार पडायला लागलाय, चिरंजीव दप्तर टाकून खेळायला पळाले.’ यात तुमची संध्याकाळ पूर्ण दिसते आणि त्यांना कुणी दुरुस्त केल्यासारखंही वाटत नाही. नुसतं ‘शुभ संध्याकाळ’ खटकतं ते याच कारणाने. त्यांनी आपली सकाळ तुमच्यापुढे ठेवली आणि उत्तरात तिचा उल्लेखच नव्हता.

बाबांना उत्तरातून काय हवं असतं, याचा मी बराच विचार केला आहे. सकाळचा निरोप ही त्यांची हजेरी असते : उठलो, बरा आहे. उत्तर ही तुमची हजेरी. अंगठ्याने ती लागते, हे खरं, आणि ज्या दिवशी जीव मेटाकुटीला आलाय त्या दिवशी अंगठाही चालेल. पण रोजचाच अंगठा असेल तर निरोप पोचला यापलीकडे त्यांना काही कळत नाही. ते तर दोन निळ्या खुणांवरूनही कळलं असतं. त्या दिवसातली एक खरी गोष्ट, एका ओळीची, हवी. नवऱ्याला हे तुम्ही समजावलंत तर बरं. मुलाची ओळ बाबांना वेगळी लागते, ती सुनेच्या ओळीत भागत नाही.

उशिराच्या उत्तराचं वेगळं आहे. समजा तुम्ही संध्याकाळी विसरलात आणि सकाळी सातला आठवण झाली. तेव्हा त्यांच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. आता ‘शुभ सकाळ’ लिहू नका. त्यांच्या निरोपावर बोट ठेवून तो उजवीकडे सरकवा, म्हणजे उत्तराच्या वर त्यांचाच निरोप दिसेल आणि कशाचं उत्तर आहे ते शोधावं लागणार नाही. मग लिहा : ‘बाबा, काल गडबडीत राहून गेलं. आमची सकाळ आत्ता होतेय, तुमचं जेवण झालं का?’ कारणांची लांबण नको.

साडेबारा तासांच्या फरकात एक सोय आहे, ती वापरा. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची अदलाबदल करून अर्धा तास वजा केला की भारताच्या वेळेवरून तुमची वेळ मिळते. त्यांचे सकाळचे साडेआठ म्हणजे तुमचे रात्रीचे आठ. हिवाळ्यात दीड तास वजा करायचा.

सगळ्यात वाईट वेळ कोणती, तर तुमची दुपारची सुट्टी. मोकळा वेळ असतो, राहिलेली उत्तरं आठवतात आणि माणूस साडेबाराला लिहायला बसतो. तेव्हा भारतात रात्रीचा एक वाजलेला असतो, हिवाळ्यात दोन. म्हाताऱ्या माणसाचा फोन उशाशी असतो. त्या वेळी तो वाजला की ‘शुभ सकाळ’ वाचण्याआधी काळजाचा ठोका चुकतो, कारण परदेशातल्या मुलाकडून मध्यरात्री येणारी बातमी कसली असू शकते, हे त्यांच्या पिढीच्या मनात पक्कं बसलेलं आहे. नंतर झोप लागत नाही ती नाहीच. तुमच्या सकाळी साडेआठनंतर संध्याकाळी साडेपाचपर्यंत लिहायचं टाळलंत, तर वर्षभर त्यांची झोप सुरक्षित राहते. फार महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा सरळ फोन करावा. आणि पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा त्यांच्या फोनवर रात्री दहा ते सकाळी सहा ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून द्या. तुम्हा दोघांचे फोन मात्र त्यातून वाजतील, असे अपवादात घाला. हे काम दुरून सांगून नीट होत नाही, शेजारी बसून करून द्यावं लागतं.

घड्याळापेक्षा तारीख जास्त फसवते. त्यांच्या रविवार सकाळचं उत्तर तुम्ही शनिवार संध्याकाळी लिहीत असता. तेव्हा ‘उद्या फोन करते’ म्हटलंत, तर तुमच्या मनात रविवार असतो आणि ते सोमवार समजतात. तुम्ही ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी आठला फोन लावता, तो त्यांच्याकडे रविवारी रात्री साडेआठला वाजतो, आणि ते म्हणतात, ‘अगं, तू उद्या करणार होतीस ना?’ इतकंच झालं तर हसून सोडता येतं. उलट प्रकारात मात्र माणूस दिवसभर फोनजवळ बसून राहतो. म्हणून सकाळच्या उत्तरात आज, उद्या हे शब्दच नकोत. वाराचं नाव लिहा, आणि वेळ त्यांची : ‘रविवारी तुमच्या रात्री साडेआठला करते.’

वाढदिवसाचंही हेच. बाबांचा वाढदिवस १५ जूनला असेल, तर ती तारीख त्यांच्याकडे उजाडते तेव्हा तुमच्याकडे १४ तारखेची संध्याकाळ असते. आपल्या कॅलेंडरवर १५ दिसेपर्यंत थांबून सकाळी सातला शुभेच्छा दिल्या, तर त्यांच्याकडे साडेसात वाजून गेलेले असतात, दिवस सरत आलेला असतो, आणि बाकीच्या सगळ्यांचे निरोप येऊन गेलेले असतात. शुभेच्छा १४ च्या संध्याकाळी, ‘शुभ सकाळ’च्या उत्तरातच द्या. तारीख त्यांची धरायची.

तुमच्या मुलाचं वय तुम्ही सात लिहिलंय. त्याच्या झोपायच्या वेळी, साडेआठला, आजोबांकडे सकाळचे नऊ-दहा वाजलेले असतात. त्याला रोज पंधरा सेकंदांचा आवाजी निरोप करू दे : ‘शुभ सकाळ आजोबा, मी झोपायला चाललो.’ आजोबा भरल्या उजेडात बसून त्याला ‘शुभ रात्री’ म्हणतील. मुलं ही उलटापालट फार चटकन आपलीशी करतात, त्यांना त्यात विसंगती दिसत नाही. पृथ्वी गोल आहे हे शाळेत शिकण्याआधीच त्याला आजोबांमुळे कळलेलं असेल.

कुटुंबाच्या ग्रुपमध्ये मात्र वेगळं वागावं. तुमची नणंद मेलबर्नला आहे. तिची सकाळची साडेसहा म्हणजे भारतातली पहाटेची दोन, आणि त्यांच्याकडे घड्याळ पुढे गेलं की एक. तिने ग्रुपवर सकाळ जाहीर केली की बाबांचा फोन मध्यरात्री वाजतो. तिघांनी मिळून ठरवा की ग्रुपवर वेळेचं अभिवादन फक्त बाबांच्या सकाळी, बाकी वेळी नुसता ‘नमस्कार’. तिची सकाळ तुमच्या आदल्या दुपारी उगवते, ती तिने तुम्हाला एकटीला पाठवावी.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण बाबा एकटे राहतात म्हणून लिहिते. ज्या दिवशी साडेसहाचा निरोप येणार नाही, त्या दिवशी काय करायचं ते आत्ताच ठरवा. त्यांच्या साडेआठपर्यंत, म्हणजे तुमच्या उन्हाळ्यातल्या आठपर्यंत किंवा हिवाळ्यातल्या सातपर्यंत, काही आलं नाही तर पहिला फोन त्यांना, आणि उचलला नाही तर लगेच शेजाऱ्यांना. शेजाऱ्यांचा नंबर तुम्हा दोघांच्या आणि नणंदेच्या, तिघांच्याही फोनमध्ये हवा. बाबांनाही हे सांगून ठेवा, म्हणजे प्रवासाला निघायच्या दिवशी किंवा फोन बिघडला तर ते आधीच कुणाकरवी कळवतील.