भारतात ऑफिस नसलेल्या परदेशी कंपनीवर कर

प्रश्न: परदेशी कंपनीचं भारतात ऑफिसच नसेल, तर भारत तिच्या नफ्यावर कर कसा लावतो?

उत्तर: ऑफिसची पाटी लागत नाही. भारत-ब्रिटन करारानुसार ब्रिटिश कंपनीच्या धंद्याच्या नफ्यावर कर घेण्याचा हक्क ब्रिटनचा. पण तिची भारतात ‘स्थायी आस्थापना’ (सीए मंडळींचं पीई), म्हणजे धंदा चालवायची ठरावीक जागा असेल, तर त्या आस्थापनेतून झालेल्या नफ्यावर भारतही कर लावू शकतो.

फॉर्म्युला वनचा खटला बघा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीन शर्यती झाल्या. फॉर्म्युला वनच्या ब्रिटिश कंपनीचं म्हणणं होतं की ट्रॅक जेपी या भारतीय उद्योगसमूहाचा, आयोजकही जेपी, आणि शर्यत फक्त तीन दिवसांची, मग आमचं इथे स्थायी काय? सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ते फेटाळलं. मालकी कोणाची यापेक्षा जागा प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात होती, हे महत्त्वाचं ठरलं. जेपीबरोबरचे करार वाचले तर प्रवेशापासून प्रक्षेपणापर्यंतचं नियंत्रण फॉर्म्युला वन आणि तिच्या सहकंपन्यांकडे होतं. आणि धंदाच शर्यतीचा, तर तेवढे दिवस पुरेसे. माझ्या मते कालावधीबाबत न्यायालय जरा सढळ होतं.

तरी सगळी रक्कम भारताच्या वाट्याला येत नाही. कर लागतो तो त्या आस्थापनेशी जोडता येईल तेवढ्याच नफ्यावर, आणि खरी भांडणं याच हिशेबावर होतात. इथे भरलेल्या कराची वजावट ब्रिटन आपल्या करातून देतं, अर्थात तिथे त्याच नफ्यावर जेवढा कर लागेल तेवढीच.

रॉयल्टीचं गणित वेगळं. तिथे पीई नसली तरी भारत कराराने ठरलेल्या मर्यादेपर्यंत कर कापतो.