शेवटची ओळ आधी लिही

प्रिय मित्रा,

तुझा मसुदा वाचला. चाकांवर ओढत न्यायच्या बॅटरी फवारणी पंपाचं लॉन्चिंग आहे, समोर डीलर आणि शेतकरी बसणार आहेत, आणि तुझा व्हॉइसओव्हर सुरू होतो "अनेक वर्षांच्या संशोधनातून साकारलेलं" असा. हे वाक्य मिक्सरलाही चालेल. वातावरण कसं तापवू, असं तू विचारतोस. तो प्रश्न नंतरचा. पंपावरचा पडदा पडताना लोकांच्या कानावर नेमकी कोणती ओळ पडणार, हे तुझं ठरलेलंच नाही, म्हणून मागचं सगळं भरकटलंय. शेवटची ओळ आधी लिही.

समजा ती अशी आहे: "ओझं उतरवा." दोनच शब्द, शेतकऱ्याच्या रोजच्या तोंडातले. पाठीवरचा पंप जाऊन चाकांवरचा आला, एवढंच यंत्राचं वेगळेपण आहे आणि ते या दोन शब्दांत आलं. शेवटी 'आ' आहे, त्यामुळे मोठ्या हॉलमध्ये आवाज लांबवता येतो. "स्मार्ट फवारणीचा नवा मंत्र" यातलं काहीच करत नाही.

आता मागे ये. 'ओझं' हा शब्द आधी कुठेही येता कामा नये. 'वजन', 'हलकं', 'भार' हेही नकोत. शब्द टाळायचा, पण ती गोष्ट खांद्याला जाणवली पाहिजे. त्यासाठी विशेषणं नकोत, हिशेब हवा:

"एका पंपात सोळा लिटर.
एका एकराला दहा पंप.
तीन एकरांना तीस.
तीस वेळा वाकायचं. तीस वेळा उठायचं.
संध्याकाळपर्यंत पाठीवरून गेलं... चारशे ऐंशी किलो पाणी."

समोरच्यांपैकी कित्येकांनी हे स्वतः वाहिलंय. 'ओझं' हा शब्द त्यांच्या मनात तुझ्याआधी येईल, आणि तेच हवंय. 9 जानेवारी 2007 ला स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवण्याआधी तीन वस्तू येणार असं सांगितलं: आयपॉड, फोन आणि इंटरनेटचं साधन. तीच तीन नावं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ही तीन यंत्रं नसून एकच आहे, हे त्याने उच्चारायच्या आधीच सभागृहाला उमगू लागलं होतं. शेवटची ओळ आधी ठरलेली असेल तरच असं मागे मागे रचता येतं.

काउंटडाउनसाठी तू "दहा, नऊ, आठ" लिहिलंस. ते काढ. लोक ओरडतील, पण त्या आकड्यांना पंपाशी काही देणंघेणं नाही. आणि 'शून्य' झाल्यावर पडदा दोन सेकंद अडकला, तर सगळ्यांना ते दिसतं. उलटी मोजणी वाक्यांतूनच होऊ दे:

"चार वाजता जाग.
तीन एकर कापूस.
दोन खांदे.
एक..."

'एक' अर्धवटच सोड. तिथे एलईडी वॉल काळी, संगीत बंद, दीड सेकंद शांतता. मग पडदा पडतो, उजेड येतो आणि "ओझं उतरवा." यानंतर टाळ्या होतील, म्हणून पंपाचं नाव लगेच म्हणायचं नाही. टाळ्या ओसरू लागल्या की नाव, एकदाच.

लांबीचं म्हणशील, तर असा संथ आवाज सेकंदाला फार तर दोन शब्द बोलतो, आणि विरामही धरायचे असतात. तुझी एव्ही दीड मिनिटाची आहे आणि मसुदा 240 शब्दांचा! कलाकार घाईघाईत वाचेल आणि सगळी उत्कंठा तिथेच संपेल. 110 च्या वर जाऊ नकोस. मोबाइलवर स्वतःच्या आवाजात वाचून घड्याळ लाव. आकडे अक्षरी लिही, नाहीतर स्टुडिओत कुणी 480 ला 'चार आठ शून्य' वाचेल.

रेकॉर्डिंग दोन फायलींत घे. पहिली 'एक...' पर्यंत, दुसरीत फक्त शेवटची ओळ. मधे तासभरही चालेल अशी संथ धून लूपवर ठेवायला सांग. पाहुणे पडदा पाडायच्या बटणाजवळ फोटोसाठी थांबतातच. एकच सलग फाइल असेल, तर पडदा पडण्याआधी ओळ बोलून मोकळी होते. दुसरी फाइल पडदा हलताना दिसल्यावर ऑपरेटरने हाताने सोडायची.

आणि कृपा करून बाकीच्या जागा तपास. बॅकड्रॉपवर पंपाचं नाव छापलंय का? अँकरच्या स्वागताच्या कार्डात आहे का? फायलीला नाव काय दिलंस? लॅपटॉप एलईडीला जोडताना ते भिंतभर दिसतं. `AV1.mp4` आणि `AV2.mp4` एवढंच ठेव. मालक म्हणतील, सुरुवातीलाच लोगो टाका. तिथे अडून बस. पैसे त्यांचे असले, तरी ती ओळ सांभाळणं तुझं काम आहे, आणि ती आधी फुटली तर जाब तुलाच विचारतील.

"ओझं उतरवा" ही माझी ओळ आहे, ती वापरू नकोस. तुझ्या तीन ओळी पाठव, नुसत्या शेवटच्या. त्यातली एक ठरेपर्यंत बाकीचा मसुदा उघडू नकोस.

तुझा,
दादा