गुटखा सोडला तरी तोंड उघडत नाही, काय करू?

प्रश्न: सुपारी-गुटखा बंद करून दोन महिने झाले, तरी तोंडात दोनच बोटं जातात. परत उघडेल काय?

उत्तर: पूर्ण पहिल्यासारखं नाही होत भावा, पण थोडं वाढतं आणि मुख्य म्हणजे अजून आवळायचं थांबू शकतं. दोष नुसत्या तंबाखूचा नव्हे, सुपारीचा. तिच्यातल्या अरेकोलीनमुळं गालाच्या आतल्या कातडीखाली कोलॅजनचे धागे जास्त बनतात, आणि सुपारीतल्या तांब्यामुळं ते एकमेकांत घट्ट गुंततात, म्हणून शरीराला ते मोडता येत नाहीत. सोडल्यावर नवीन बनायचं कमी होतं, पण जुने तसेच राहतात. म्हणून बिनतंबाखूची गोड सुपारी पण नको, आमच्याकडं जेवल्यावर हातावर ठेवतात ती सुद्धा.

आमच्या खानापूरच्या मावसभावाचं तोंड २४ मिलीमीटरच उघडायचं, साधारण ३५ च्या वर पाहिजे. डॉक्टरांनी गालात हायलुरोनिडेज आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी दिली, आणि घरात आईस्क्रीमच्या काड्यांचा व्यायाम. वरच्या-खालच्या पुढच्या दातांत आरामात बसतील तेवढ्या काड्यांची चवड ठेवायची, मग मधे एक काडी हळू सरकवायची, ताण बसला पाहिजे पण कळ नको, मिनिटभर धरायचं, दिवसात चार-पाचदा. चार महिन्यांत ३१ झालं. मधे पंधरा दिवस कंटाळून सोडलं तर लगेच आवळलं. ऑपरेशन केलं तरी काड्या सुटत नाहीत, उलट जास्तच लागतात.

पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर काड्या बाजूला ठेव, आधी बायोप्सीचं विचार.